टार्गेट पूर्ण, पण टीम बेजार: अशा सहकाऱ्याला लेखी फीडबॅक कसा द्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शाखेचे, विभागाचे किंवा टीमचे प्रमुख असलेल्यांसाठी आहे. बोलणं एका धाग्यात राहावं म्हणून सगळ्या उत्तरांत एकच नमुना वापरला आहे: गृहकर्जाची एक शाखा, पाच रिलेशनशिप मॅनेजर, ऑपरेशन्सला दोघं आणि वर एक शाखाप्रमुख. पाचांपैकी एक जण दर तिमाहीत टार्गेटच्या पुढे असतो. त्याच शाखेत महिनाअखेर जवळ आली की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो, आणि कारणही तोच असतो. माणसं आणि आकडे काल्पनिक आहेत, पण हा प्रकार विक्रीच्या कुठल्याही शाखेत ओळखीचा वाटेल.

टार्गेट तर पूर्ण होतंय. मग लेखी फीडबॅकची गरजच काय?

कारण त्याच्या नावापुढचा आकडा पूर्णपणे त्याचा नसतो. आमच्या नमुन्यातला मॅनेजर महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत, संध्याकाळी, अपुऱ्या कागदांच्या फाईल ऑपरेशन्सकडे टाकतो आणि त्याच सगळ्यांच्या आधी करून घेतो. त्याच्या फाईल त्या महिन्यात निघतात. दुपारी बाराच्या आत पूर्ण कागद दिलेल्या सहकाऱ्यांच्या फाईल मात्र पुढच्या महिन्यात जातात. शाखेचा एकूण आकडा तेवढाच राहतो, फक्त श्रेय एकाकडून दुसऱ्याकडे सरकतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा पाहिला तर हे दिसत नाही. म्हणून आधी फाईल जमा होण्याची वेळ आणि डिसबर्समेंटची, म्हणजे कर्जाची रक्कम दिल्याची, तारीख शेजारी शेजारी मांडून बघा.

दुसरं कारण तोंडी बोलण्याच्या मर्यादेचं आहे. चांगला आकडा देणाऱ्या माणसाशी आपण जपून बोलतो. "बाकी सगळं उत्तम आहे, फक्त जरा सांभाळून घे" एवढं ऐकून तो बाहेर पडतो आणि त्याच्या लक्षात राहतं ते "सगळं उत्तम". दोनदा स्पष्ट बोलूनही तेच घडत असेल, तर तिसऱ्यांदा लिहून द्यावं. पहिलंच पाऊल लेखी टाकलं तर तो हादरतो, आणि "आधी सांगितलं का नाही?" हा त्याचा प्रश्न रास्त असतो.

लिहायला बसण्याआधी काय गोळा करायचं?

गेल्या सहा ते आठ आठवड्यांतले दोन-तीन प्रसंग पुरतात. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, त्याने नेमकं काय केलं किंवा लिहिलं, तिथे कोण होतं, आणि त्यामुळे कोणाचं कोणतं काम अडलं. वर्षभरापूर्वीचं उकरून काढू नका. बारा प्रसंगांची यादी हातात पडली की माणूस सुधारणेचा विचार सोडून देतो आणि बारापैकी कोणता चुकीचा आहे ते शोधू लागतो.

टीममधल्यांशी एकेकट्याने बोला आणि प्रश्न कामाबद्दल विचारा. "तो तुम्हाला त्रास देतो का?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. त्यापेक्षा "मागच्या महिनाअखेरीला फाईल कशा गेल्या, कुठे अडलं?" असं विचारलं की माणसं घडलेलं सांगतात. त्यानंतर ऐकलेलं नोंदींशी पडताळा. इनवर्ड रजिस्टरमधली वेळ, सीआरएममधला लीडचा इतिहास, शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे मेसेज या तीन जागी बहुतेक गोष्टी सापडतात. कोणाकडूनही तक्रारीवर सह्या घेऊ नका. सह्या घेतल्या की शाखेत दोन तट पडतात आणि पुढचे कित्येक महिने ते तसेच राहतात.

पडताळणीत काही गोष्टी गळून पडतात, आणि त्या गळू द्याव्यात. नमुन्यात एका नव्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं की त्याची लीड पळवली. सीआरएममध्ये दिसलं की ती लीड बिल्डरच्या ऑफिसनेच दोघांकडे पाठवली होती. हा मुद्दा पत्रात घेतला असता, तर बाकीचे खरे मुद्देही त्याच्यासोबत बुडाले असते. लीडचा प्रश्न वेगळा सोडवावा.

याच टप्प्यावर आपल्या साहेबांशी बोलून ठेवा. रिजनल हेडने पत्रानंतर त्याला फोन करून "तू मनावर घेऊ नकोस, आकडा सांभाळ" असं सांगितलं, तर त्या पत्राला कागदापलीकडे किंमत उरत नाही. पहिल्या महिन्यात त्याचा आकडा थोडा खाली येऊ शकतो. तो आपण सोसणार आहोत, हे दोघांत आधीच ठरलेलं असावं.

"अॅटिट्यूड चांगला नाही" असं लिहिलं तर काय बिघडतं?

ते त्याला खोडता येतं, आणि तुम्हाला सिद्ध करता येत नाही. "उद्धट", "टीम प्लेयर नाही", "नकारात्मक", "नेहमीच", "सगळ्यांचं असं म्हणणं आहे" हे शब्द माणसाच्या स्वभावावर शिक्का मारतात. स्वभावावर हल्ला झाला की माणूस स्वभावाचाच बचाव करतो: "मी स्पष्टवक्ता आहे, लोकांना झेपत नाही." तुमची सगळी बैठक त्या स्पष्टवक्तेपणावर चर्चा करण्यात जाते.

तेच वाक्य असं लिहा: "१२ जून रोजी शाखेच्या ग्रुपवर, सर्व सदस्यांसमोर, तुम्ही ऑपरेशन्सच्या सहकाऱ्याला 'बेसिक काम जमत नसेल तर सांगा' असे लिहिले." यात खोडण्यासारखं काही नाही. कसोटी सोपी आहे: त्या वेळी तिथे हजर असलेला, कोणाच्याही बाजूचा नसलेला माणूस हे वाक्य वाचून "हो, असंच झालं" म्हणेल का? तो अडखळणार असेल तर वाक्य बदला.

"मुद्दाम" हा शब्दही टाळा, कारण हेतू तुम्हाला दिसलेला नाही. आणि "टीमचं मनोबल खचलं" हेसुद्धा लिहू नका, ते कितीही खरं असलं तरी. मनोबल खचल्यामुळे जे घडलं ते लिहा. नमुन्यात त्या मेसेजनंतर ऑपरेशन्सच्या सहकाऱ्याने आपल्या शंका थेट त्याला विचारणं बंद केलं. त्या शंका शाखाप्रमुखामार्फत फिरून जाऊ लागल्या आणि चार फाईलवरचे प्रश्न त्याच्यापर्यंत एकेक दिवस उशिरा पोचले. मनोबलाचं नुकसान कामात दिसतं ते अशा जागी.

इंग्रजीत 'सिच्युएशन, बिहेवियर, इम्पॅक्ट' नावाची जी पद्धत आहे, ती सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची. प्रसंग, वर्तन आणि परिणाम या क्रमाने लिहायचं, एवढंच तिचं सार आहे. लेखी फीडबॅकमध्ये त्याला चौथा भाग जोडावा लागतो: यापुढे नेमकं काय अपेक्षित आहे.

कौतुक कुठे आणि किती करायचं?

एकदाच, वेगळ्या परिच्छेदात, आकड्यासकट. त्या परिच्छेदात "पण", "मात्र", "तरीही" यांपैकी काहीही येता कामा नये. कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक ही प्रचलित मांडणी अशा माणसासाठी घातक ठरते. आकड्यावर जगणारा माणूस पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचतो आणि मधला विसरतो. उलट टोकाची चूकही होते. राग इतका साचलेला असतो की आकड्याचा उल्लेखच राहून जातो. मग तो म्हणतो, "माझं काम कोणाला दिसतच नाही." यात त्याचं चुकत नाही.

पूर्ण पत्र कसं दिसतं?

एका पानाच्या आत. नमुन्यातलं पत्र असं:

> दिनांक: ८ जुलै
> विषय: एप्रिल ते जून तिमाहीतील कामाबद्दल फीडबॅक
>
> या तिमाहीत ९ कोटींच्या टार्गेटसमोर तुम्ही १०.२ कोटींचे डिसबर्समेंट केले. दोन नवीन प्रकल्पांचे बिल्डर तुम्ही जोडले आणि त्यांच्याकडून येणाऱ्या चौकशा आता संपूर्ण शाखेला मिळत आहेत. या कामाची नोंद तुमच्या वार्षिक मूल्यमापनात केली आहे.
>
> पुढील दोन गोष्टींबद्दल आपण २ जून आणि १६ जून रोजी बोललो होतो. आज त्या लेखी देत आहे.
>
> १. महिनाअखेरीच्या फाईल. २९ मे रोजी संध्याकाळी ६.४० नंतर तुम्ही चार डिसबर्समेंट फाईल जमा केल्या. त्यांपैकी तीन फाईलमध्ये ग्राहकाने स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती किंवा ईएमआयसाठीचे बँक मँडेट नव्हते. ऑपरेशन्सचे दोघे सहकारी रात्री ९.३० पर्यंत थांबले. त्याच दिवशी दुपारी १२ पूर्वी जमा झालेल्या इतरांच्या तीन पूर्ण फाईल जूनमध्ये गेल्या. २९ जून रोजी दोन फाईलबाबत पुन्हा असेच झाले.
>
> २. ग्रुपवरील मेसेज. १२ जून रोजी शाखेच्या ग्रुपवर तुम्ही ऑपरेशन्सच्या सहकाऱ्याला "बेसिक काम जमत नसेल तर सांगा" असे लिहिले. त्यानंतर १२ ते २० जून या काळात तुमच्या चार फाईलवरील शंका थेट तुमच्याकडे न येता माझ्यामार्फत आल्या आणि त्यांना एकेक दिवस उशीर झाला.
>
> यापुढील अपेक्षा:
> अ) महिन्याच्या २५ तारखेनंतर फाईल चेकलिस्टप्रमाणे पूर्ण असेल तरच जमा करावी, आणि दुपारी ३ च्या आत. अपवाद हवा असल्यास आधी मला फोन करावा. त्याचा निर्णय मी घेईन, ऑपरेशन्सच्या सहकाऱ्यांवर तो भार टाकू नये.
> ब) सहकाऱ्याच्या कामाबद्दल तक्रार असल्यास ती त्यांच्याशी प्रत्यक्ष किंवा माझ्याशी बोलावी, ग्रुपवर लिहू नये.
>
> माझ्याकडून: महिन्याचे शेवटचे तीन दिवस ऑपरेशन्सला शेजारच्या शाखेतून एक जादा सहकारी मिळेल, अशी व्यवस्था जुलैपासून केली आहे.
>
> आपण २२ जुलै, ८ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर रोजी भेटून आढावा घेऊ. या पत्रातील एखादी नोंद चुकीची वाटत असल्यास किंवा तुमची बाजू मांडायची असल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवावे. तुमचे उत्तर या पत्रासोबत ठेवले जाईल.

या पत्रात "अन्यथा कारवाई केली जाईल" असं वाक्य नाही, ते जाणूनबुजून वगळलं आहे. धमकी आली की हा फीडबॅक राहत नाही. "माझ्याकडून" हा परिच्छेद मात्र गाळू नका. महिनाअखेरीला दोनच माणसं सगळ्या फाईल ओढत असतील, तर गर्दीचं एक कारण शाखेच्या रचनेत आहे आणि ते प्रमुखाने दूर करायचं असतं.

तक्रार कोणी केली ते त्याला कळू नये यासाठी काय करावं?

पत्रात फक्त चारचौघांत घडलेले किंवा नोंदीत दिसणारे प्रसंग घ्या. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांनी पाहिला आहे आणि इनवर्ड रजिस्टर सगळ्यांसमोर असतं, त्यामुळे "हे कोणी सांगितलं?" हा प्रश्न उठत नाही. जे कोणी बंद दाराआड सांगितलं आणि ज्याला दुसरा पुरावा नाही, ते पत्रात घालू नका. त्याऐवजी पुढच्या महिनाअखेरीला संध्याकाळी स्वतः ऑपरेशन्सच्या टेबलापाशी थांबा आणि डोळ्यांनी बघा. मग ते तुमचं निरीक्षण होतं.

"काही जणांनी सांगितलं" हे वाक्य सर्वांत वाईट. नाव कळत नाही, त्यामुळे तो प्रत्येकावर संशय घेतो. भेटीत एक गोष्ट शांतपणे सांगून ठेवा: ही नोंद माझी आहे, आणि याबद्दल टीममध्ये कोणाकडे चौकशी करू नये. बोलणाऱ्या सहकाऱ्यांनाही "तुमचं नाव कधीच कळणार नाही" असं वचन देऊ नका. लहान शाखेत ते पाळणं तुमच्या हातात नसतं.

आधी पत्र द्यावं की आधी भेटावं? आणि कधी?

आधी भेट, मग पत्र. अर्धा-पाऊण तास बाजूला काढा, मुद्दे तोंडी सांगा, त्याचं ऐका, मग प्रत हातात द्या आणि त्याच दिवशी फक्त त्याला ईमेल करा. एचआरला प्रत पाठवणार असाल तर भेटीतच सांगा. लपवलेली सीसी नंतर कळली की विश्वास तिथेच संपतो. टीममधल्या कोणालाही प्रत जाऊ नये.

महिन्याची २५ ते १ तारीख टाळा, कारण तेव्हा त्याचं लक्ष आकड्यावर असतं. शनिवारी सुटायच्या वेळीही नको. तो रविवारभर एकटाच त्यावर कुढत बसतो आणि सोमवारी लढाईच्या तयारीने येतो. मार्च-एप्रिलमध्ये दिलेलं पत्र "इन्क्रिमेंट कापण्यासाठी रचलेलं" वाटतं. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार, सकाळची वेळ बरी पडते.

सही घेताना सहीच्या वर "वाचले व प्रत मिळाली" असं लिहा. "मान्य आहे" यावर सही मागितली की सगळा वाद सहीवर अडकतो. तो नकोच म्हणाला तर ताणू नका, ईमेलची नोंद पुरते.

पत्र कोणत्या भाषेत असावं, हेही विचारलं जातं. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर पत्र इंग्रजीत द्यावं, पण भेटीत त्याच्या सवयीच्या भाषेत बोलावं. ग्रुपवर जे मराठीत लिहिलं गेलं, ते पत्रात जसंच्या तसं मराठीतच ठेवावं. त्याचं भाषांतर केलं की धार कमी-जास्त होते, आणि मग "मी असं म्हणालोच नव्हतो" याला वाव मिळतो.

तो म्हणाला, "मग माझं टार्गेट कमी करा" किंवा "बाकीचे आळशी आहेत, मी एकटाच ओढतोय", तर?

पहिल्याला उत्तर: टार्गेट तेच राहील, आणि फाईल २५ तारखेआधी पूर्ण करायला कुठे अडतं ते आपण पाहू. मग खरोखर पाहा. अनेकदा ग्राहकाची पावती बिल्डरकडून उशिरा मिळत असते, आणि ती महिन्याच्या मध्यालाच मागायला सुरुवात केली तर प्रश्न निम्मा होतो.

दुसऱ्यावर वाद घालू नका. "इतरांच्या कामाबद्दल मी इतरांशी बोलेन. आज आपण २९ मेच्या तीन फाईलबद्दल बोलतोय." हे वाक्य गरज पडेल तितक्या वेळा, त्याच सुरात म्हणावं लागतं. मात्र त्याने ठोस काही सांगितलं, म्हणजे ऑपरेशन्सकडून त्याची फाईल दोन दिवस विनाकारण पडून राहिली वगैरे, तर ते लिहून घ्या, तपासा आणि आठवड्याभरात त्याला निष्कर्ष कळवा. तुम्ही त्याच्या तक्रारीला हाच न्याय लावला नाही, तर तुमच्या पत्रालाही तो का मानेल?

सुधारणा झाली हे कसं ओळखायचं?

पत्रातल्या अपेक्षा मोजता येतील अशाच लिहिलेल्या आहेत: २५ तारखेनंतर आलेल्या अपुऱ्या फाईल किती, दुपारी तीननंतर आलेल्या किती, ग्रुपवर कोणाला उद्देशून लिहिलेलं काही आहे का. दोन आठवड्यांनी पंधरा मिनिटांची भेट पुरते. खरी परीक्षा महिनाअखेरीची असते, म्हणून दोन महिनाअखेरी पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

वरवरची सुधारणा दोन प्रकारे दिसते. ग्रुपवर लिहिणं थांबतं आणि तेच फोनवर सुरू होतं. किंवा तो अगदी गप्प होतो, सहकाऱ्याला लागणारी माहितीही विचारल्याशिवाय देत नाही. पहिला प्रकार ओळखायचा तर ऑपरेशन्सच्या शंका आता थेट त्याच्याकडे जातात की अजून तुमच्यामार्फत, ते बघा. सुरक्षित वाटल्याशिवाय कोणी थेट विचारायला जात नाही. दुसऱ्या प्रकाराबद्दल त्याच्याशी लगेच बोला, कारण तो बहुधा दुखावलेला असतो आणि त्याला वाटत असतं की आता काहीही बोललं तर अंगाशी येईल.

हे पत्र म्हणजे वॉर्निंग आहे का?

नाही. वॉर्निंग लेटर किंवा कारणे दाखवा नोटीस ही शिस्तभंगाची पावलं आहेत. ती नेमणूकपत्र, कंपनीचे नियम किंवा लागू असलेल्या स्थायी आदेशांप्रमाणे एचआरनेच काढायची. दोन महिन्यांनंतरही तेच चालू असेल तर हे पत्र, त्याचं उत्तर आणि आढाव्याच्या नोंदी एचआरकडे द्याव्यात आणि पुढचं त्यांच्यावर सोपवावं.

काही गोष्टी मात्र फीडबॅकच्या कक्षेतच येत नाहीत. लैंगिक छळाचा आरोप असेल तर शाखाप्रमुखाने "समज देऊन" प्रकरण मिटवायचं नसतं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे करायची असते. लहान आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जातीवरून अपमान, मारहाण, धमकी, कर्जाच्या फाईलमध्ये खोटी कागदपत्रं यांपैकी काहीही असेल, तर वरचं पत्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी एचआरला कळवा.

याचा इन्सेंटिव्ह आणि बढतीवर परिणाम व्हावा का?

योजनेप्रमाणे कमावलेला इन्सेंटिव्ह पत्राच्या आधारे अडवू नका. योजनेत तशी अट नसेल तर ती मनमानी होते. वार्षिक रेटिंगमध्ये वर्तनाला वजन हवं असेल तर ते एप्रिलमध्येच केआरएमध्ये लिहिलेलं असावं, मार्चमध्ये अचानक काढू नये. बढतीचा विषय वेगळा आहे. टीम लीडर करायचं असेल तर आकड्यासोबत हा आढावाही पाहिलाच पाहिजे, कारण तिथे त्याचं वागणं हेच त्याचं काम असणार आहे.

सुधारणा झाली, मग पत्राचं काय करायचं?

शेवटच्या आढाव्यानंतर चार ओळी लिहून त्याच फाईलला जोडा आणि त्याला पाठवा. उदाहरणार्थ: "जुलै आणि ऑगस्टच्या अखेरीस तुमच्या सर्व फाईल पूर्ण आणि वेळेत आल्या. ऑपरेशन्सच्या शंका आता थेट तुमच्याकडे जातात आणि बहुतेकांचे उत्तर त्याच दिवशी मिळते. ८ जुलैच्या पत्रातील दोन्ही मुद्दे पूर्ण झाले असून आढावा बंद करत आहे." तुमची बदली झाली की नवा प्रमुख फाईल उघडतो. ही नोंद नसेल, तर त्याला फक्त ८ जुलैचं पत्र दिसेल.